एका छोट्या मंडळीचे शिक्षणवर्ष : सणांचे रविवार, सामान्य आठवडे आणि दावीदाची मालिका

१० सप्टेंबर २०२३, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेब, संडे स्कूलच्या शिक्षिका आणि कमिटीचे दोन सभासद एकत्र बसले आणि डिसेंबरात सुरू होणाऱ्या उपासनावर्षासाठी उपदेश व मुलांचे पाठ यांचे एकच कॅलेंडर करावे असे ठरले. ते तयार करण्याचे आणि त्याच्या नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. आमची मंडळी सोलापुरातली, मराठी उपासनेची, चाळीसेक कुटुंबांची आहे. काही घरांत तेलुगू बोलली जाते, काहींत कानडी. मुलांचे दोनच वर्ग आहेत, धाकटा आणि मोठा, आणि शिकवणाऱ्या सगळ्या जणी नोकरी सांभाळून शिकवतात.

आजवर व्यासपीठावरचा उपदेश एका वाटेने आणि मुलांचा पाठ दुसऱ्या वाटेने जात आला आहे. नाताळ, उत्तम शुक्रवार आणि ईस्टर या दिवशी दोन्ही आपोआप एकत्र येतात. बाकीच्या रविवारी शिक्षिकेच्या हाताशी जे चित्र आणि जी गोष्ट असेल ती सांगितली जाते. त्यामुळे दावीद आणि गल्याथ यांची गोष्ट दरवर्षी होते, पण नाथान संदेष्टा कोण हे मोठ्या वर्गातल्या मुलांनाही सांगता येत नाही. माझ्या मते सणांची चिंता करण्याचे कारण नाही, कारण सणाच्या रविवारी काय शिकवायचे हे सण स्वतःच सांगतो. कॅलेंडर लागते ते उरलेल्या आठवड्यांसाठी.

आधार म्हणून १९९२ साली प्रसिद्ध झालेली सामायिक पाठसूची घ्यायचे ठरले. तिची घडण तीन वर्षांच्या चक्राची आहे : पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहानाचे शुभवर्तमान तिन्ही वर्षांत विखुरलेले. येत्या ३ डिसेंबरपासून दुसरे, म्हणजे मार्काचे, वर्ष सुरू होते. प्रत्येक रविवारी जुन्या करारातील एक उतारा, एक स्तोत्र, एक पत्र आणि एक शुभवर्तमान असे चार पाठ असतात. चारही पाठ शिकवणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून दर रविवारी एकच मुख्य पाठ निवडायचा आणि शक्यतो तोच उपदेशाला व दोन्ही वर्गांना ठेवायचा, हा पहिला नियम.

२४ सप्टेंबर २०२३

आज वर्षाचा सांगाडा मांडला. सुरुवात ईस्टरपासून करावी लागते, कारण नाताळ सोडला तर जवळजवळ सगळे मोठे दिवस त्याच्या मागेपुढे मोजले जातात. ईस्टर म्हणजे २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. आपल्याकडे हे चटकन ध्यानात येण्याची एक सोय आहे : होळीची पौर्णिमा २१ मार्चनंतर आली तर ईस्टर तिच्या पाठोपाठ येतो आणि आधी आली तर चैत्री पौर्णिमेपर्यंत थांबावे लागते. मंडळ्यांचे गणित आकाशातल्या चंद्रावर चालत नसून ठरलेल्या कोष्टकावर चालते, त्यामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो आणि छापील तारीख पाहूनच खात्री करावी लागते. २०२४ मध्ये होळी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आहे, म्हणून ईस्टर लवकर, ३१ मार्चला येतो.

त्यावरून बाकीचे उलगडले. लेंटची सुरुवात बुधवारी १४ फेब्रुवारीला, झावळ्यांचा रविवार २४ मार्चला, पेंटेकॉस्ट १९ मे रोजी आणि त्रैक्याचा रविवार २६ मे रोजी. आगमनकाळाचे चार रविवार, नाताळानंतरचा एक, प्रकटीकरणकाळाचे सहा, लेंटचे सहा, ईस्टरकाळाचे सात, पेंटेकॉस्ट व त्रैक्य मिळून दोन; हे सव्वीस झाले. २ जूनपासून २४ नोव्हेंबरपर्यंत उरलेले रविवारही बरोबर सव्वीसच. म्हणजे अर्धे वर्ष सणांच्या ऋतूंचे आणि अर्धे हिरव्या वस्त्राचे, सामान्य काळाचे.

पाळकसाहेबांनी एक गोष्ट लगेच दाखवून दिली. २४ डिसेंबर रविवारी येतो, त्यामुळे सकाळी आगमनकाळाचा चौथा रविवार आणि त्याच रात्री नाताळाची पूर्वसंध्या आहे. चौथ्या रविवारचा पाठ मरीयेला मिळालेल्या संदेशाचा (लूक १:२६-३८) आणि रात्रीचा पाठ जन्माचा. दोन्ही एकाच दिवशी मुलांना शिकवले तर सकाळचा पुसून जाईल. म्हणून मरीयेचा पाठ मुलांसाठी एक आठवडा आधी, १७ डिसेंबरला, घेतला आणि २४ ला सकाळी फक्त मोठ्यांची उपासना ठेवली.

८ ऑक्टोबर २०२३

सांगाड्यावर आज सोलापूरचे वर्ष ठेवून पाहिले. पाठसूची करणाऱ्यांपुढे आपल्या गावाचे कॅलेंडर असण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे कोणता रविवार भरलेला आणि कोणता रिकामा हे आपणच पाहावे लागते. मागच्या दोन वर्षांची हजेरीवही शेजारी घेऊन बसलो.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा असते आणि गड्ड्याची जत्रा भरते. १४ जानेवारीचा रविवार नेमका त्यात येतो. रस्ते बंद असतात, पाहुणे आलेले असतात आणि मुलांचे लक्ष पाळण्यांकडे असते. मार्चमध्ये दहावीची परीक्षा असल्याने मोठ्या वर्गातली वरची मुले लेंटच्या उत्तरार्धात येत नाहीत. एप्रिल-मे मध्ये ऊन चाळिशीच्या वर जाते, उपासना सकाळी लवकर घ्यावी लागते आणि मुलांच्या वर्गाला अर्धा तासच मिळतो. परीक्षा संपल्या की घरे मामाच्या गावाला जातात ती शाळा उघडेपर्यंत, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत, परतत नाहीत. सप्टेंबरात गणपती, नोव्हेंबरच्या आरंभी दिवाळी. आमच्या बहुतेक घरांचे अर्धे नातलग हिंदू आहेत, तेव्हा या दिवसांत येणेजाणे होणारच, आणि त्यावर नाराज होऊन कॅलेंडर सुधारत नाही.

हजेरीवहीवरून दिसते की सर्वांत भरवशाचे रविवार जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचे आहेत. शाळा नुकती सुरू झालेली असते, मोठी सुट्टी नसते, परीक्षा लांब असते. हाच सामान्य काळाचा गाभा आहे. तेव्हा क्रमाने चालणारी, एकीवर एक रचली जाणारी मालिका शिकवायची असेल तर ती इथे बसवायची आणि ज्या रविवारी मुले गळतात तिथे स्वतंत्र, त्याच दिवशी संपणारे पाठ ठेवायचे. हा दुसरा नियम.

२९ ऑक्टोबर २०२३

आज सामान्य काळ हाती घेतला. त्याचे पाठ कसे बांधले आहेत हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सणांच्या ऋतूतले पाठ ‘लेंटचा तिसरा रविवार’ अशा क्रमाला बांधलेले असतात. त्रैक्याच्या रविवारानंतरचे पाठ मात्र तारखांच्या सात-सात दिवसांच्या पट्ट्यांना बांधलेले आहेत : २९ मे ते ४ जून या पट्टीत येणाऱ्या रविवारी अमुक पाठ, ५ ते ११ जूनमध्ये तमुक. वर्षाचा शेवट अशा रीतीने पक्का राहतो. ईस्टर उशिरा आला तर पुढचे सगळे पाठ खाली सरकत नाहीत, तर सुरुवातीचे पाठ सरळ गळतात. २०२४ मध्ये ईस्टर लवकर असल्याने आणि २ जून पहिल्याच पट्टीत बसत असल्याने एकही पाठ गळत नाही. मालिका पूर्ण मिळण्याचे असे वर्ष दर वेळी येत नाही.

जुन्या कराराच्या उताऱ्यांसाठी पाठसूचीत दोन वाटा दिल्या आहेत. एका वाटेत तो उतारा त्या दिवशीच्या शुभवर्तमानाशी जुळवलेला असतो, त्यामुळे दर रविवारी वेगळ्या पुस्तकात उडी पडते. दुसऱ्या वाटेत एकच कथा आठवड्यामागून आठवडे पुढे जाते. मार्काच्या वर्षी या दुसऱ्या वाटेत शमुवेलापासून शलमोनापर्यंतची कथा आहे. आम्ही दुसरी वाट घेतली. दोन्ही वाटा मिसळू नयेत, कारण मग ना शुभवर्तमानाशी जोड राहते ना कथेला सलगता.

मालिका अशी चालते. २ जूनला बाळ शमुवेलाला झालेली हाक, ९ ला लोक राजा मागतात, १६ ला दावीदाचा अभिषेक, २३ ला गल्याथ, ३० ला शौल व योनाथान यांच्यासाठी दावीदाचा विलाप. ७ जुलैला दावीद सर्व इस्राएलचा राजा होतो, १४ ला कराराचा कोश यरुशलेमेत येतो, २१ ला नाथानामार्फत घराण्याविषयीचे वचन. २८ जुलैला बथशेबा आणि उरीया, ४ ऑगस्टला नाथानाचा कोकराचा दृष्टान्त, ११ ला अबशालोमाचा अंत, १८ ला शलमोन ज्ञान मागतो, २५ ला मंदिराची प्रार्थना.

अडचण पहिल्याच पायरीवर आहे. शमुवेलाला झालेली हाक (१ शमुवेल ३) म्हणजे मालिकेचे दार, आणि २ जूनला मुले गावालाच असतील. हाच उतारा याच वर्षी आणखी एकदा, प्रकटीकरणकाळाच्या दुसऱ्या रविवारी, दिलेला आहे. पण तो रविवार १४ जानेवारी, म्हणजे गड्ड्याचा. दोन्ही वेळा वर्ग रिकामा. १६ जूनला तो अभिषेकाच्या पाठाला जोडावा असे एका शिक्षिकेने सुचवले, परंतु एकाच तासात लहानपणीचा शमुवेल आणि म्हातारा शमुवेल दाखवला तर धाकटा वर्ग गोंधळेल.

शेवटी २१ जानेवारी सापडला. त्या दिवशी जुन्या करारातून योनाचा निनवेतील उपदेश आणि मार्कातून कोळ्यांना झालेले पाचारण (मार्क १:१४-२०) आहे. योना बाजूला ठेवला आणि कोळ्यांच्या शेजारी शमुवेल आणला : रात्री मुलाला नावाने हाक आणि दिवसा जाळी टाकणाऱ्यांना हाक. पाठ त्या दिवसापुरता पूर्ण होतो आणि जूनसाठी दारही उघडे राहते. १६ जूनच्या पाठपत्रकावर ‘जानेवारीत ज्याला हाक आली तोच हा शमुवेल’ एवढी एक ओळ घालायची. मोठ्यांच्या उपासनेत २ जूनला तोच उतारा ठरल्याप्रमाणे वाचला जाईल.

२६ नोव्हेंबर २०२३

पाठपत्रकाचा नमुना ठरला. एका रविवारला एकच पान : वर ऋतू आणि वस्त्राचा रंग, मग मुख्य उतारा, सुवर्णवचन, मागच्या रविवारशी जोडणारे एक वाक्य, धाकट्या वर्गाने करायची कृती आणि मोठ्या वर्गाला विचारायचे दोन प्रश्न. जोडणारे वाक्य मालिकेच्या रविवारीच असेल, स्वतंत्र पाठाला नसेल. शिक्षिका आयत्या वेळी बदलली तरी तिला कळावे की आज मागचे आठवून घ्यायचे आहे की नाही.

भिंतीवरचा तक्ता सगळ्यांना आवडला. आगमनकाळ व लेंट जांभळे, नाताळ व ईस्टर पांढरे, पेंटेकॉस्ट लाल आणि मग ते लांबच लांब हिरवे. खजिनदारांनी तक्ता पाहून ‘एवढे हिरवे आहे तर खर्च कमी येईल’ असे म्हटले, आणि ते खरेच आहे.

२१ जानेवारी २०२४

शमुवेलाचा पाठ झाला. १४ तारखेला अपेक्षेप्रमाणे दोन्ही वर्ग एकत्र बसवावे लागले होते. आज वर्ग पुन्हा भरले. धाकट्या वर्गाने एली झोपलेला आणि शमुवेल धावत येतो हे करून दाखवले. लेकराला तीनदा उठावे लागते आणि पहिल्या दोन्ही वेळा ‘मी बोलावले नाही’ असे ऐकावे लागते, यात मुलांना भारी मजा वाटली. पाठसूची या अध्यायात दहाव्या वचनाशी थांबण्याची मुभा देते, कारण पुढे एलीच्या घराण्यावरील न्यायाचा कठोर निरोप आहे. धाकट्या वर्गाला दहाव्या वचनाशी थांबवले, मोठ्या वर्गाला पुढे नेले. शमुवेलाने पहिल्याच दिवशी आपल्या गुरूला अप्रिय गोष्ट सांगितली, हे कळल्याशिवाय तो पुढे दोन राजांशी असा का वागतो ते कळत नाही.

१७ मार्च २०२४

लेंट जवळजवळ संपत आला. या वर्षीचे जुन्या करारातील उतारे आपसांत नीट ओवलेले आहेत : नोहाशी करार, अब्राहामाशी करार, दहा आज्ञा, अरण्यातील पितळेचा साप आणि आज यिर्मयातील नवा करार. मालिका असूनही प्रत्येक पाठ स्वतंत्र उभा राहतो, त्यामुळे दहावीची मुले मधेच गेली तरी बिघडत नाही. अपवाद पितळेच्या सापाचा. तो त्या दिवशीच्या योहान ३ शी जोडलेला आहे आणि एकटा सांगितला तर धाकट्या वर्गाला केवळ भीतीची गोष्ट वाटते, म्हणून शिक्षिकांनी तिथे दोन्ही उतारे एकत्र घेतले.

ईस्टरकाळाकरिता एक सूचना शिक्षिकांना दिली : त्या सात रविवारी पाठसूचीत जुन्या कराराच्या जागी प्रेषितांची कृत्ये येतात. गोष्टी लहान आणि सुट्या आहेत, कमी वेळाच्या वर्गाला त्या पुरतात.

१६ जून २०२४

शाळा काल उघडल्या आणि आज मोठ्या वर्गात जागा कमी पडली. इशायाच्या घरी सात मुलगे एकामागून एक पुढे येतात आणि नाकारले जातात, धाकटा मेंढरांमागे आहे. जानेवारीची आठवण देणारी ओळ शिक्षिकेने वाचली तेव्हा एलीची नक्कल केलेल्या मुलाने स्वतःहून हात वर केला. पाच महिन्यांनी एवढे उरले असेल तर मधल्या काळात पुन्हा उजळणीची गरज नाही.

पुढच्या रविवारी गल्याथ आहे. तो सर्वांना पाठ आहे, म्हणून तिथे गोष्ट कमी सांगायची आणि शौलाने दिलेले चिलखत दावीद का उतरवतो एवढ्यावरच थांबायचे असे ठरवले.

१४ जुलै २०२४

आज कराराचा कोश यरुशलेमेत आला आणि बुधवारी आषाढी आहे. हा योग कॅलेंडर करताना दिसला होता, आणि त्याचे काय करायचे यावर आमच्यात बरीच चर्चा झाली होती. मुलांनी टाळ, मृदंग आणि पताका रस्त्यावर पाहिलेल्या आहेत. वाद्ये वाजवीत, नाचत, एका पवित्र वस्तूपुढे चालणारा जमाव त्यांना समजावून सांगावा लागत नाही. दोन श्रद्धा एकच आहेत असे सुचवायचे नाही आणि शेजाऱ्यांच्या भक्तीला उणेही लेखायचे नाही, असे पाळकसाहेबांनी बजावले. शिक्षिकेने ‘तुम्ही दिंडी पाहिली आहे ना, तशी गर्दी आणि तसा आवाज डोळ्यांसमोर आणा’ एवढेच म्हटले आणि ती थेट राजाकडे वळली. राजा आपला मान विसरून सामान्य माणसांसारखा नाचतो आणि खिडकीतून मीखल ते पाहते, इथे खरा पाठ आहे.

पाठसूचीत हा उतारा २ शमुवेल ६:१-५ आणि मग एकदम १२ व्या वचनाच्या मध्यापासून १९ पर्यंत असा आहे. मधल्या वचनांत कोशाला हात लावणारा उज्जा मरतो. मोठ्या वर्गातल्या मुलांजवळ स्वतःची पवित्र शास्त्रे असतात आणि ती गाळलेला भाग आधी वाचतात. आजही तसेच झाले आणि प्रश्न आला. शिक्षिकेला कल्पना दिलेली असल्यामुळे ती अडली नाही. तिने मुलांबरोबर तो भाग वाचला, दावीदालाही तेव्हा राग आला आणि भीती वाटली हे आठव्या व नवव्या वचनांतून दाखवले आणि तिथेच सोडले. पाठसूची जिथे वचने वगळते तिथे पत्रकावर एक खूण करायची असे यापुढे ठरवले. वगळलेले सगळे शिकवायचे नसते, पण शिकवणाऱ्याने ते वाचलेले असावे.

४ ऑगस्ट २०२४

वर्षातला सर्वांत अवघड टप्पा २८ जुलैपासून सुरू झाला, कारण तिथे दोन गोष्टी एकदम येतात. जुन्या करारात बथशेबा आणि उरीयाचा उतारा आहे. शुभवर्तमानात मार्क थांबतो आणि योहानाचा सहावा अध्याय सलग पाच रविवार चालतो : पाच हजारांना जेवण, मग भाकरीविषयीचे दीर्घ संभाषण. मार्काचे शुभवर्तमान चारांत सर्वांत लहान असल्याने त्याच्या वर्षात योहानाला अशी जागा मिळते. पाचही रविवार भाकरीवर उपदेश केला तर तिसऱ्या रविवारपासून तेच ते ऐकू येते, आणि पाचही रविवार टाळली तर त्या अध्यायाचा शेवट, जिथे पुष्कळ शिष्य सोडून जातात, कोणी ऐकतच नाही.

नियमाला इथे मुरड घातली. २८ जुलैला मोठ्यांना दावीदाच्या अपराधाचाच उपदेश झाला. तो गाळला असता तर आधीचे दोन महिने आम्ही केवळ एका शूर राजाचे कौतुक करीत बसलो असतो. त्याच दिवशी दोन्ही वर्गांना पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्या देणाऱ्या मुलाचा पाठ दिला. आज उलट केले. पहिला रविवार प्रभुभोजनाचा असतो, म्हणून उपदेश ‘जीवनाची भाकर’ (योहान ६:३५) यावर झाला, आणि मुलांना नाथानाचा दृष्टान्त मिळाला.

धाकट्या वर्गासाठी नाथानाची गोष्ट मागचा अध्याय न सांगताही पुरेशी आहे : एका गरिबाकडे एकच कोकरू, त्याच्याच ताटात जेवणारे, आणि कळपांचा धनी असलेला शेजारी ते पाहुण्यासाठी कापतो. मुले रागावली, आणि ‘तो माणूस तूच आहेस’ हे वाक्य त्यांना पुरेसे लागले. राजाने दुसऱ्याचे काय घेतले, एवढाच प्रश्न एका मुलीने विचारला. ‘दुसऱ्याचे घर मोडले आणि माणूस मारवला’ असे शिक्षिकेने सांगितले. मोठ्या वर्गाने आदला अध्याय घरी वाचून यावा असे आईवडिलांना आधी कळवले होते. एका घराने त्याबद्दल नापसंती दर्शवली, त्यांच्या मुलाला धाकट्या वर्गाबरोबर बसवले.

पुढचा क्रम असा : ११ ला अबशालोम, १८ ला शलमोन आणि २५ ला पुन्हा योहान ६, शिष्य सोडून जातात तो शेवटचा भाग. अबशालोमाच्या उताऱ्यातही बरीच वचने वगळलेली आहेत, तिथे खूण केली आहे.

१ सप्टेंबर २०२४

मालिका शलमोनाशी संपवली. पुढे पाठसूची गीतरत्न, नीतिसूत्रे आणि एस्तेर यांतले सुटे उतारे देते आणि ऑक्टोबरात चार रविवार ईयोब. सप्टेंबरच्या ८ आणि १५ तारखा गणपतीत येतात, म्हणून महिनाभर मार्कातील स्वतंत्र पाठच ठेवले. ईयोब केवळ मोठ्यांना, मुलांना त्याच रविवारी मार्काचा दहावा अध्याय : येशू बालकांना जवळ घेतो, श्रीमंत माणूस, जब्दीचे मुलगे, आंधळा बार्तीमय.

१० नोव्हेंबर २०२४

पाठसूचीप्रमाणे रूथची कथा ३ आणि १० नोव्हेंबरला होती. ३ तारखेला भाऊबीज होती आणि उपासनेला निम्मी मंडळी नव्हती. रूथ दोन रविवारांचीच कथा आहे, पहिला भाग चुकला तर दुसरा निरर्थक. म्हणून ३ तारखेला सर्व पवित्र जनांच्या दिवसाचे पाठ घेतले, जे १ नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी वापरण्याची मोकळीक आहे, आणि वर्षभरात निधन पावलेल्यांची नावे वाचली. रूथ आज आणि १७ ला. त्यासाठी १७ चा हन्नेचा पाठ सोडावा लागला; शमुवेलाच्या जन्माची ती गोष्ट जानेवारीच्या पाठात दोन वाक्यांत येऊन गेली होती, तेव्हा फार गमावले नाही.

माहेरपणाचा आठवडा नुकताच संपलेला असताना पहिला अध्याय वाचला गेला हे बरे झाले. नामी दोन्ही सुनांना आपापल्या आईच्या घरी परत जा म्हणते, अर्पा जाते, रूथ सासूबरोबर परक्या गावी निघते. महिला मंडळाच्या बैठकीत अर्पेची बाजू घेणाऱ्याच अधिक निघाल्या, आणि उताऱ्यातही तिला कोणी दोष देत नाही.

शेवटच्या पाठात ओबेद जन्मतो, इशायाचा बाप, दावीदाचा आजा. मोठ्या वर्गाने तो १७ ला स्वतः शोधून काढावा म्हणून पत्रकावर वंशावळीच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत.

२४ नोव्हेंबर २०२४

ख्रिस्त राजाचा रविवार. दावीदाची शेवटची वचने (२ शमुवेल २३:१-७) आणि पिलातापुढील येशू (योहान १८:३३-३७) एकत्र वाचले गेले. वर्ष संपले.

दुपारी लूकाच्या वर्षाचा सांगाडा मांडला. होळी १४ मार्चला, म्हणजे २१ मार्चच्या आधी, आल्याने ईस्टर २० एप्रिलपर्यंत लांबतो. प्रकटीकरणकाळाचे रविवार आठ होतात, आणि सामान्य काळ २२ जून २०२५ पासून, म्हणजे चौथ्या पट्टीपासून सुरू होतो. पहिल्या तीन पट्ट्या गळतात. शाळा उघडलेल्या असतील, त्यामुळे या वेळी मालिकेच्या सुरुवातीला वर्ग भरलेला असेल. पण मालिकाच डोक्याविना मिळते. लूकाच्या वर्षी ती एलीयाची आहे, आणि गळणाऱ्या तीन पाठांत कर्मेल डोंगर, सारफथची विधवा व नाबोथचा मळा येतात. २२ जूनला मुलांना थेट १ राजे १९ मिळते : एलीया ईजबेलीच्या भीतीने पळून रानात झाडाखाली मरण मागतो आहे. तो कोण आणि कशाला पळतो हे ठाऊक नसेल तर त्या पाठात काहीच हाती लागत नाही.

दोन जागा सापडल्या आहेत. २ फेब्रुवारीच्या शुभवर्तमानात (लूक ४:२१-३०) येशू स्वतः सारफथच्या विधवेचे नाव घेतो, तेव्हा १ राजे १७ त्या दिवशी मुलांना देता येईल. प्रकटीकरणकाळ लांब असल्याने तेथे घाई नाही. कर्मेल मेमधील सुट्टीच्या बायबल वर्गात घ्यावे, कारण ती गोष्ट मोकळ्या अंगणात करून दाखवण्यासारखी आहे. जी मुले मेमध्ये गावाला असतील त्यांच्यासाठी २२ जूनच्या पत्रकावर कर्मेलचा सारांश छापायचा. नाबोथच्या मळ्याला अजून रविवार मिळालेला नाही. लूकातील याच २ फेब्रुवारीच्या उताऱ्यात नामानाचेही नाव आहे आणि त्याचा पाठ ६ जुलैला येतो, तेव्हा फेब्रुवारीच्या पत्रकावर त्याचे नाव अधोरेखित करून ठेवले आहे.